अंकाची पीडीएफ स्क्रीन रीडर दोन कॉलम मिसळून वाचतोय, शीर्षकं तर सापडतच नाहीत, काय करू?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या साहित्य मंडळाचं त्रैमासिक निघतं, २८ पानांचं. थोड्या प्रती छापतो, बाकी सगळ्यांना पीडीएफ जाते व्हॉट्सॲपवर. संपादक, टायपिस्ट आणि पोस्टमन तिन्ही मीच.

आमचे एक जुने वर्गणीदार आहेत, निवृत्त संगीत शिक्षक. दोनेक वर्षांपूर्वी नजर गेली, आता लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून ऐकतात. परवा त्यांचा फोन आला, म्हणाले अहो पान ५ वर "ओढ्याच्या थंड पाण्यात पाय सोडून बसलो आणि आजीने चार अनारसे तळून काढले" असं ऐकू आलं, नवकथा छापायला लागलात की काय. आधी हसलो, मग लक्षात आलं की डावीकडे सहलीचा लेख आहे आणि उजवीकडे आजीच्या फराळाचा, मशीन एक ओळ इकडची एक ओळ तिकडची वाचतंय. शिवाय त्यांना एका लेखावरून पुढच्या लेखावर उडी मारता येत नाही, पहिल्यापासून सगळं ऐकत बसावं लागतं, आणि मधेच वाक्य तोडून "पान पाच" ऐकू येतं.

फाइल वर्डमधे, अक्षर मंगल, युनिकोडच आहे. प्रत्येक पानावर दोन टेक्स्ट बॉक्स शेजारी शेजारी काढतो, शीर्षक ठळक करून २० साइज, वर मंडळाचं नाव आणि पान नंबर छोट्या बॉक्समधे हाताने. मग प्रिंटला जाऊन `Microsoft Print to PDF`. कुठं चुकतंय?

डोंबिवलीची_मावशी
माझ्याकडे आईच्या वहीचे स्कॅन आहेत पीडीएफमधे, तेपण वाचत नाही मोबाईल. तुम्ही आधी ओसीआर करून घ्या, मग वाचेल.

कोयनाकाठ
मावशी, आमची फाइल स्कॅन नाही हो, टाइप केलेली आहे. वाचतंय, पण भलत्या क्रमाने वाचतंय.

डीटीपीवाला
सोपं आहे रे. अ‍ॅक्रोबॅट प्रो घे, `Autotag` मार, मग रीडिंग ऑर्डरचं टूल उघड, पानावर प्रत्येक ब्लॉकला नंबर दिसतात, ते ड्रॅग करून नीट लाव. पानाला दोन मिनिटं. आम्ही एका ऑफिसचा अहवाल असाच दिलाय.

ऐकूनवाचणारा
मी स्वतः एनव्हीडीए वापरतो आणि पीडीएफ दुरुस्त करायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

कोयनाकाठ, आधी एक बघा. तीच पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमधे उघडा, फाइल मेनूतून प्रॉपर्टीज, पहिल्याच टॅबवर अगदी खाली `Tagged PDF` लिहिलेलं असतं. तुमच्याकडे `No` असणार, पैज. आणि गुरुजींना विचारा, फाइल उघडताना `Reading Untagged Document` अशी खिडकी येते का. ती आली म्हणजे रीडर सांगतोय की या फाइलीत काय कशानंतर येतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, मी अंदाजाने वाचतो. तुमच्या दोन बॉक्समधली फट बारीक असेल तर तो दोन्ही मिळून एकच लांब ओळ धरतो, आणि मग ओढ्यात अनारसे.

कारण तुमचं प्रिंट. प्रिंटरला फक्त कुठलं अक्षर कागदावर कुठं उमटवायचं तेवढंच कळतं, पीडीएफ प्रिंटर हाही शेवटी प्रिंटरच. वर्डमधे हेडिंग दिलेलं असतं तरी ते तिथंच गळून पडलं असतं. त्यापेक्षा `Save As` मधे पीडीएफ निवडा, `Options` दाबा, `Document structure tags for accessibility` वर टिक आहे का बघा. आणि तिथेच हेडिंगवरून बुकमार्क बनवायची टिक आहे, तीही मारा.

पण नुसतं तेवढं करून भागणार नाही. ठळक आणि २० साइज म्हणजे डोळ्याला शीर्षक, वर्डला नाही. वर्डच्या दृष्टीने तो एक जाडजूड परिच्छेद. गुरुजी `H` दाबतात तेव्हा एनव्हीडीए पुढचं हेडिंग शोधतो, जाड अक्षर शोधत नाही. स्टाइल्समधली `Heading 1`, `Heading 2` द्यायला लागते.

सुपारीफुटली
हेडिंग १ दिलं की वर्ड ते निळं करतो आणि भलताच फॉन्ट लावतो, म्हणून कुणी वापरत नाही ते.

ऐकूनवाचणारा
खरंय, पण त्याला सोपा उपाय आहे. आधी तुम्हाला हवं तसं एक शीर्षक हाताने सजवा, ते सिलेक्ट करा, मग स्टाइलच्या नावावर राइट क्लिक, `Update Heading 1 to Match Selection`. त्यानंतर ती स्टाइल तुमच्याच रूपात लागते.

आणि कुठला नंबर कुणाला ते साइजवरून ठरवू नका. अंकाचं नाव १, प्रत्येक लेख २, लेखातलं उपशीर्षक ३. कवितेचं शीर्षक छोट्या अक्षरात छापता म्हणून त्याला ४ दिलं तर ऐकणाऱ्याला वाटतं कविता आधीच्या लेखाच्या पोटात आहे. मी एका अंकात संपादकीयाच्या आत सहा कविता ऐकल्यात.

डीटीपीवाला
वर्डमधे परत सगळं कोण करणार, तयार पीडीएफ आहे ना, माझ्या पद्धतीने कर.

कोयनाकाठ
दोन दिवसांनी आलोय. आधी डीटीपीवाल्यांचं करून बघितलं, पुतण्याच्या ऑफिसात अ‍ॅक्रोबॅट प्रो आहे म्हणून. `Autotag` मारलं, पान ५ वर नंबर लावले, अगदी सहल १, २, ३, मग आजी ४, ५. स्क्रीनवर एकदम बरोबर. घरी येऊन एनव्हीडीए टाकला माझ्याच लॅपटॉपवर (फुकट आहे हे माहीत नव्हतं) आणि ऐकलं तर आजी आधी आणि सहल नंतर, फोटो भलतीकडेच! वर आणि एक, फराळाच्या लेखात करड्या रंगाची चौकट होती "अनारशाचं पीठ" म्हणून, तिचा मजकूरच गायब. नुसती करडी चौकट राहिली. मी काय पाप केलं?

ऐकूनवाचणारा
पाप काही नाही, अर्धी खरी सल्लामसलत मिळाली. डीटीपीवाले रागावू नका, हे बहुतेक सगळ्यांचं होतं.

पीडीएफमधे दोन वेगळे क्रम असतात. एक चितारण्याचा, म्हणजे आधी हे काढ, त्यावर ते काढ. त्या नंबरांच्या पॅनेलमधे दिसतो तो हा. तुम्ही ओढाओढ करताना चौकटीचा मजकूर वर गेला आणि करडा रंग खाली, म्हणजे आधी अक्षरं काढली आणि मग त्यांच्यावर रंग फासला. मजकूर फाइलीत आहे, रंगाच्या मागे दडलाय. अन्डू करा किंवा रंगाचा तुकडा मजकुराच्या आधी न्या.

दुसरा क्रम टॅगच्या झाडाचा, `Tags` पॅनेलमधला. टॅग म्हणजे हे शीर्षक, हा परिच्छेद, हा फोटो अशी लेबलं. एनव्हीडीए आणि जॉजसारखे स्क्रीन रीडर हेच झाड वाचतात, वरून खाली, फांदी फांदीने. नंबर नीट आणि झाड वाकडं, तर ऐकू येणार वाकडंच. ते पॅनेल उघडून पान ५ चं काय दिसतंय ते इथे टाका.

कोयनाकाठ
हे घ्या. कंसातल्या खुणा जशा दिसल्या तशा, मजकूर थोडक्यात.

```
<Document>
  <H3> आजीचा फराळाचा डबा
  <P>  दिवाळी आठ दिवसांवर...
  <P>  साहित्य मंडळ  पान ५
  <P>  ओढ्याकाठची
  <P>  सहल
  <P>  सकाळी साडेसहाला एसटी...
  <P>  अनारशाचं पीठ...
  <Figure>
```

ऐकूनवाचणारा
वा, सगळे रोग एकाच पानावर. वरून खाली बघू.

`Autotag` ने अक्षराच्या आकारावरून अंदाज मारला. आजीचं शीर्षक त्याला शीर्षक वाटलं, पण तिसऱ्या पातळीचं का ते त्यालाच ठाऊक. सहलीचं शीर्षक तुम्ही दोन ओळीत बसवायला मधे एंटर मारला असणार, म्हणून त्याचे दोन परिच्छेद झाले. एंटर म्हणजे नवा परिच्छेद, शीर्षक मोडायचं असेल तर `Shift+Enter`. नाहीतर उद्या हेडिंग दिलं तरी यादीत "ओढ्याकाठची" एक आणि "सहल" दुसरं अशी दोन दिसतील.

मंडळाचं नाव आणि पान नंबर, हे प्रत्येक पानावर परत परत येणारं, झाडात असायलाच नको. त्याला आर्टिफॅक्ट करतात, म्हणजे कागदावर दिसतं पण वाचणारा सोडून देतो. गुरुजींचं "पान पाच" ते हेच. "अनारशाचं पीठ" ही चौकट फराळाची, ती सहलीच्या पोटात गेलीय. आणि फोटोला पर्यायी मजकूर नाही, त्यामुळे नुसतं "ग्राफिक" ऐकू येतं.

असं व्हायला हवं:

```
<Document>
  <H2> ओढ्याकाठची सहल
  <P>  सकाळी साडेसहाला एसटी...
  <Figure>  (पर्यायी मजकूर हवा)
  <H2> आजीचा फराळाचा डबा
  <P>  दिवाळी आठ दिवसांवर...
  <H3> अनारशाचं पीठ
  <P>  तांदूळ तीन दिवस...
```

`Tags` पॅनेलमधे फांदी धरून ओढता येते, टॅगच्या प्रॉपर्टीजमधे जाऊन `P` चा `H2` करता येतो. पण खरं सांगू? २८ पानांसाठी हे करू नका. तीन महिन्यांनी पुढचा अंक आला की परत पहिल्यापासून. आजार वर्डमधे आहे, औषध तिथेच द्या. मी हाताने झाड तेव्हाच हलवतो जेव्हा मूळ फाइल हरवलेली असते.

पानशेतचा_पक्षी
यापेक्षा गुरुजींना वर्डची फाइलच पाठवा ना. किंवा ईपब. पीडीएफ हा मुळात कागदासाठीचा प्रकार आहे, त्यावर मलमपट्टी कशाला?

ऐकूनवाचणारा
गुरुजी एकटेच असतील तर वर्ड पाठवा, मलाही तेच आवडतं. पण तुमची वर्ड फाइल दोन टेक्स्ट बॉक्सवाली असेल तर ती ऐकायला पीडीएफपेक्षा वाईट, बॉक्समधल्या मजकुरापर्यंत पोचायलाच झटापट. दुरुस्ती तीच करावी लागणार.

पानशेतचा_पक्षी
मान्य, पण सगळ्यांना एकच फाइल गेली पाहिजे हा हट्ट मला पटत नाही.

ऐकूनवाचणारा
आणि मला वेगळी फाइल मिळते तेव्हा ती नेहमी पंधरा दिवस उशिरा मिळते. असो.

कोयनाकाठ
वर्डमधे करायचं तर ते दोन बॉक्स काढून टाकायचे? मग कॉलम कसे?

ऐकूनवाचणारा
`Layout` मधे `Columns`, दोन. मजकूर एकच सलग राहतो, फक्त दिसायला दोन रकान्यात पडतो, त्यामुळे टॅगही आपोआप डावा रकाना संपला की उजवा असे येतात. दोन लेख एकाच पानावर शेजारी हवे असतील तर पहिला लेख संपल्यावर कॉलम ब्रेक टाका. मंडळाचं नाव आणि पान नंबर खऱ्या हेडर-फूटरमधे टाका, वर्ड ते पीडीएफ करताना स्वतःच वाचनातून वगळतो.

चौकटीला टेक्स्ट बॉक्स नको, त्या परिच्छेदालाच बॉर्डर आणि शेडिंग द्या, दिसायला तीच चौकट. तरंगता बॉक्स त्याचा नांगर ज्या परिच्छेदाला अडकलाय त्याच्या आसपास वाचला जातो, आणि नांगर कुठंय ते आपण कधी बघत नाही. फोटोचंही तेच, `In Line with Text` ठेवा. आणि पर्यायी मजकुरात "फोटो" लिहू नका, "ओढ्यात पाय सोडून बसलेली चार मुलं" असं लिहा. खाली फोटोओळ छापली असेल तर तीच परत लिहू नका, दोनदा ऐकावं लागतं.

गझलवेडी
मधेच विचारते, कवितांचं काय? मी एका अंकाला कविता देते, प्रत्येक ओळीला एंटर मारते.

ऐकूनवाचणारा
प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होते, आणि कडवं कुठं संपलं ते ऐकताना कळत नाही कारण सगळ्या ओळी सारख्याच सुट्या. एक कडवं एक परिच्छेद, आतल्या ओळींना `Shift+Enter`. गझलेत शेर एक परिच्छेद. आणि कृपा करून शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून "वि शे षां क" असं स्पेस मारून लिहू नका, तुटक तुटक अक्षरं ऐकू येतात. अक्षरांमधलं अंतर फॉन्टच्या सेटिंगमधून वाढवा.

डीटीपीवाला
बरं मी चुकलो, कबूल. पण आमच्यासारख्यांचं वर्डमधे नसतं, इनडिझाइनमधे असतं. तिथे काय?

ऐकूनवाचणारा
कबूल केलंत हे आवडलं. इनडिझाइनमधे पॅराग्राफ स्टाइलच्या ऑप्शनमधे `Export Tagging` आहे, तिथे लेखाच्या शीर्षकाच्या स्टाइलला `H2` वगैरे एकदाच नेमून द्या. क्रमासाठी `Window` मेनूतून `Articles` पॅनेल काढा, फ्रेम ज्या क्रमाने वाचायच्या तशा त्यात टाका, आणि त्याच पॅनेलच्या मेनूत `Use for Reading Order in Tagged PDF` ही टिक मारा. ही टिक लोक विसरतात, मग मेहनत केली तरी क्रम जसाच्या तसा आणि कुणाला कळत नाही का. एक्सपोर्ट करताना `Create Tagged PDF`.

तुम्ही अक्षर कुठलं वापरता?

डीटीपीवाला
श्रीलिपी. जुना स्टॉक सगळा त्यातच आहे.

ऐकूनवाचणारा
मग टॅगला हात लावायच्या आधी हे करा. तुमच्या एखाद्या पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून नोटपॅडमधे पेस्ट करा. त्या जुन्या फॉन्टमधे "क" च्या जागी आत भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं, वर मराठीचा मुखवटा. पेस्ट केल्यावर मुखवटा गळतो. एनव्हीडीए तेच वाचतो जे नोटपॅडमधे दिसतं. हेडिंग एकदम बरोबर, क्रम बरोबर, आणि ऐकू येतं अगम्य काहीतरी. आधी युनिकोडमधे बदलून घ्या, बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास चुका राहतात.

डीटीपीवाला
केलं. नोटपॅडमधे डॉलर, कंस आणि उलटे प्रश्नचिन्ह. दहा वर्षं हे विकतोय मी.

कोयनाकाठ
माझं मंगल आहे, तरी कॉपी पेस्ट करून बघितलं. बहुतेक बरोबर, पण दोनचार ठिकाणी पहिली वेलांटी दुसऱ्याच अक्षराला चिकटलीय आणि "वर्षा" मधला रफार सुटून पडलाय. हे पण माझंच पाप का?

ऐकूनवाचणारा
नाही, हे देवनागरीचं दुखणं. पहिली वेलांटी आपण व्यंजनानंतर टाइप करतो पण ती दिसते आधी, रफार उच्चाराने आधी पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पीडीएफमधे आकार जसे दिसतात तसे साठवले जातात, त्यांच्यावरून मूळ अक्षरं परत जुळवताना गडबड होते. फॉन्ट बदलून आणि वर्ड सोडून लिबरऑफिसमधून एक्सपोर्ट करून बघा, कधी फरक पडतो, कधी नाही. शीर्षकापुरतं असेल तर अ‍ॅक्रोबॅट प्रोमधे त्या टॅगच्या प्रॉपर्टीजमधे `Actual Text` असा रकाना आहे, त्यात शुद्ध शब्द लिहून ठेवता येतो, मग तो वाचला जातो. पण संपूर्ण अंकासाठी हे करायला बसलात तर पुढचा अंक निघायचा नाही. याला माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही.

सुपारीफुटली
प्रो नसेल तर तपासायचं कसं? सगळ्यांना पुतण्या नसतो.

ऐकूनवाचणारा
विंडोजवर `PAC` नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्क्रीन रीडर प्रिव्ह्यू म्हणून आहे, टॅगच्या क्रमाने मजकूर दाखवतो, डोळे असलेल्याला लगेच कळतं. पण त्याने हिरवं दाखवलं म्हणून खूश होऊ नका. हेडिंग दोनवरून एकदम चारवर उडी मारली हे त्याला कळतं, आजी सहलीच्या आधी आली हे त्याला कळत नाही. त्यासाठी एनव्हीडीए लावून `H` दाबत जा, आणि `NVDA+F7`, म्हणजे `Insert` धरून `F7`, दाबलं की खिडकी येते, तिच्यात `Headings` निवडलं की सगळ्या हेडिंगची यादी येते. ती यादी तुमच्या अनुक्रमणिकेसारखी ऐकू आली पाहिजे. मग कुठल्याही दोन पानांवर `NVDA` धरून खालचा बाण दाबा आणि सलग ऐका.

आणि हो, भाषा. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधे `Advanced` टॅबवर भाषेचा रकाना असतो, मराठी यादीत नसली तर हाताने `mr` लिहा. तिथे इंग्रजी राहिलं तर काही सेटिंगमधे इंग्रजी आवाज मराठी वाचायला घेतो, ते काय निघतं ते विचारू नका. पण हा रकाना भरायला प्रो लागतं, फुकटच्या रीडरमधे नुसता दिसतो. तो त्रास नको असेल तर वर्डमधेच मजकूर सिलेक्ट करून प्रूफिंगची भाषा मराठी करा आणि पीडीएफ केल्यावर रकाना बघा.

कोयनाकाठ
रविवार गेला सगळा. पूर्ण अंक परत लावला, बॉक्स एकही ठेवला नाही. २८ ची ३१ पानं झाली कारण खरे कॉलम टाकल्यावर मजकूर आपापला पसरला, छापणारा कुरकुरतोय, ३२ करा म्हणतो, चाराच्या पटीत. हेडिंगच्या यादीत १९ नावं आली आणि अनुक्रमणिकेतही १९ च. पान ५ नीट. एका लेखाखाली रिकामी हेडिंग सापडली, तिथे मी `Heading 2` लावलेली मोकळी ओळ ठेवली होती, काढली.

गुरुजींना पाठवली. लॅपटॉपवर म्हणे उत्तम, कविता तर परत परत ऐकली. पण त्यांची मुलगी मोबाईलवर टॉकबॅकने ऐकवत होती, तिथे हेडिंगवर उडी मारता येत नाही म्हणाली, सगळं सलग. टॅग तर आहेत ना?

ऐकूनवाचणारा
आहेत, पण मोबाईलवरची बरीच पीडीएफ ॲप टॅगकडे बघतच नाहीत, चितारण्याच्या क्रमाने वाचतात किंवा स्वतःचा अंदाज लावतात. तुमचे कॉलम आता खरे आहेत त्यामुळे तो क्रमही बहुधा सरळ असेल, सलग ऐकताना गोंधळ झाला नाही तो म्हणूनच. हेडिंगसाठी कुठलं ॲप वापरतात ते विचारा, एकदोन बदलून बघावे लागतील.

पानशेतचा_पक्षी
मोबाईलसाठी ईपब. मी फक्त एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

डोंबिवलीची_मावशी
माझ्या वहीच्या स्कॅनचं कुणी सांगेल का?

ऐकूनवाचणारा
मावशी, हस्ताक्षर आहे का छापील? हस्ताक्षर असेल तर ओसीआरच्या नादी लागू नका, आईच्या एकेक पानाचं कुणीतरी बसून टाइप केलेलंच बरं. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.